माळवदावरचा पेपर, दोन रिव्ह्यूअर आणि एकोणीस मुद्दे: एका उत्तरपत्राची उकल

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. पेपर, गाव आणि त्यातली मोजमापं नमुन्यादाखल घेतली आहेत. बांधकामाची रीत, 1993 चा भूकंप आणि उष्णतेचं गणित मात्र खरं आहे. पेपर इंग्रजी जर्नलला गेला असं धरलं आहे आणि रिव्ह्यूअरांच्या आक्षेपांना दिलेल्या उत्तरांचे नमुने इथे मराठीत दिले आहेत.

पेपरचा विषय धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातली चौदा माळवदी घरं. जाड दगडी भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या किंवा किलचण, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मधोमध उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी साणं. लेखक दोघे: एक वास्तुविशारद, एक मृदाशास्त्राची अध्यापिका. पेपरचा मुख्य दावा असा की ही घरं मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ‘सुखद’ राहतात आणि आजच्या स्लॅबच्या घरांना पर्याय ठरू शकतात.

ऑगस्टमध्ये संपादकांचं पत्र आलं: मोठ्या सुधारणा करा, मुदत साठ दिवस. पहिल्या रिव्ह्यूअरचे आठ मुद्दे, दुसऱ्याचे अकरा.

लेखकांनी पहिले दोन दिवस उत्तर लिहिलंच नाही. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा एका तक्त्यात उतरवला आणि त्याला क्रमांक दिला: र१-१, र१-२, र२-१ असे. रिव्ह्यूअर एका परिच्छेदात तीन गोष्टी विचारतो तेव्हा त्या तीन ओळींत फोडल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण न केल्यास हमखास एक उपप्रश्न निसटतो, आणि दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअर नेमका तोच घेऊन बसतो. तक्त्याच्या पुढच्या रकान्यात एकच गोष्ट लिहायची: यामुळे पेपरमध्ये काय बदलणार? तिथे काहीच सुचलं नाही तर मुद्दा नीट कळलेला नसतो, किंवा आपल्याला तो मान्य नसतो. या दोन्हींना वेगवेगळं उत्तर लागतं.

आठवड्याभरात तक्ता भरला. एकोणीसपैकी अकरा मुद्दे अर्ध्या दिवसाचे होते. नकाशांवर उत्तर दिशा आणि पट्टीप्रमाण नाही, ‘वाडा’ आणि ‘माळवद’ हे शब्द सरमिसळ वापरलेत, घरांच्या आतले फोटो छापायला घरमालकांची संमती घेतली का, अशा जातीचे. यांना लांबलचक उत्तर देऊ नये. ‘आभारी आहोत. आकृती 2 ते 6 मध्ये दिशा आणि पट्टीप्रमाण घातलं आहे,’ एवढं पुरतं. संमतीच्या मुद्द्यावर मात्र दोन घरांची लेखी संमती नव्हती. लेखकांनी ती मागाहून मिळवण्याची धावपळ केली नाही, ते दोन फोटो काढून टाकले आणि उत्तरात तसं सांगितलं. खरा वेळ गेला तीन मुद्द्यांवर.

पहिला मुद्दा र१-३. रिव्ह्यूअरचे शब्द साधारण असे: ‘लेखक घर सुखद असल्याचं सांगतात, पण पुरावा म्हणून एकाच घरातल्या मे महिन्यातल्या सहा दिवसांच्या हवेच्या तापमानाची नोंद देतात. यंत्र कुठे टांगलं होतं, दारं उघडी होती की बंद, हे कळत नाही. शिवाय हवेचं तापमान म्हणजे सुखदपणा नव्हे.’

नोंद अशी होती. बाहेर दुपारी कमाल 41.5 अंश, पहाटे किमान 26. माळवदाच्या माजघरात कमाल 33.5, किमान 31. मूळ पेपरमध्ये लेखकांनी या आकड्यांशेजारी एक गणितही दिलं होतं: 45 सेंटीमीटर मातीतून उष्णता आत यायला सुमारे 14 तास लागतात, म्हणून दुपारची झळ घरात पोचते तेव्हा पहाट झालेली असते.

गणित चुकीचं नव्हतं. कोरड्या दाबलेल्या मातीची उष्णतावाहकता 0.8 वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, घनता 1600 किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा 900 जूल प्रति किलो-केल्व्हिन धरला, तर चोवीस तासांच्या चढउताराला 45 सेंटीमीटर पार करायला चौदा तासांच्या आसपास लागतात. साधारण दर साडेबारा सेंटीमीटरला चढउताराचा जोर एकतृतीयांशाच्या जरा वर उरतो. त्यामुळे वरच्या पृष्ठावरच्या चढउताराचा खाली जेमतेम चाळिसाव्या हिश्शाइतका भाग पोचतो. हे समीकरण अमर्याद जाडीच्या मातीसाठीचं आहे, हेही सांगायला हवं होतं. पण घोळ त्याहून पुढचा होता. आतला मोजलेला चढउतार अडीच अंश आणि बाहेरचा साडेपंधरा, म्हणजे सहावा हिस्सा. चाळिसावा कुठे आणि सहावा कुठे! गणित फक्त छतातून येणाऱ्या उष्णतेचं आहे. दारातून आणि साण्यातून हवा येते, चूल पेटते, घरात सात माणसं असतात. छताचे चौदा तास हे घराचे चौदा तास म्हणून देणं ही चूक होती. रिव्ह्यूअरने ती बोलून दाखवली नव्हती, पण लेखकांना उत्तर लिहिताना ती दिसली.

अशा वेळी गप्प राहून ते वाक्य हळूच बदलावं असा मोह होतो. तसं करू नये. बदल दाखवणाऱ्या प्रतीत तो दिसतोच, आणि न सांगितलेला बदल संशय वाढवतो.

दुसरी अडचण ऋतूची. रिव्ह्यूअरला हवी होती जास्त घरांची मोजणी, भिंतींच्या पृष्ठाचं तापमान, आर्द्रता आणि हवेचा वेग. पेपर ऑगस्टमध्ये परत आला होता आणि पुढचा मे नऊ महिने लांब. लेखकांचा पहिला मसुदा होता: ‘अधिक मोजणी भविष्यातील संशोधनात केली जाईल.’ हे वाक्य रिव्ह्यूअर रोज वाचतात आणि त्याला उत्तर मानत नाहीत, कारण त्यात दावा जिथल्या तिथेच राहतो. नवी मोजणी शक्य नसेल तर दावाच लहान करावा लागतो. अखेर गेलेलं उत्तर असं:

‘हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. सहा दिवसांच्या हवेच्या तापमानावरून सुखदपणाचा निष्कर्ष काढता येत नाही. मुदतीत उन्हाळी मोजणी पुन्हा करणं शक्य नसल्यामुळे आम्ही दावा मर्यादित केला आहे. शीर्षकातून आणि सारांशातून ‘सुखद’ हा शब्द काढला आहे. आता फक्त एवढंच म्हटलं आहे की नोंदीच्या काळात या घरातला दैनंदिन चढउतार बाहेरच्याच्या सुमारे एकषष्ठांश होता (ओळ 212 ते 219). यंत्र माजघरात जमिनीपासून दीड मीटरवर, चुलीपासून दूर, भिंतीला न टेकवता टांगलं होतं. दारं दिवसा बंद आणि संध्याकाळी सहानंतर उघडी होती (ओळ 148 ते 153). मूळ मसुद्यात आम्ही छताचा कालविलंब संपूर्ण घराचा असल्यासारखा मांडला होता. ते चुकीचं होतं आणि दुरुस्त केलं आहे (ओळ 221 ते 230). याच नोंदीत पहाटे घर बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी गरम राहिल्याचं दिसतं. उन्हाळ्यात माणसं माळवदावर किंवा अंगणात झोपतात, याच्याशी हे जुळतं. तो परिच्छेद नव्याने घातला आहे (ओळ 231 ते 240).’

पहाटेच्या उबेबद्दलची ही वाक्यं लेखकांच्या आधीच्या दाव्याविरुद्ध जातात आणि पेपरला सगळ्यात जास्त बळ देतात. जे छत दुपारी वाचवतं तेच पहाटेपर्यंत ऊब धरून बसतं. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं.

दुसरा मुद्दा र२-४, आणि तो बोचरा होता. ‘लातूर-धाराशिव भागातल्या माती-दगडाच्या घरांवर लिहिताना 1993 चा उल्लेखही नसावा, हे धक्कादायक आहे. या छतांनीच माणसं मारली. अशी बांधणी पर्याय म्हणून सुचवणं बेजबाबदारपणाचं आहे.’

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता 6.2. सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक झोपेत, दगड-मातीच्या ढिगाऱ्याखाली. तोपर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारणेत तो मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात गेला.

‘भूकंपसुरक्षा हा या पेपरच्या कक्षेबाहेरचा विषय आहे,’ असं एक उत्तर देता आलं असतं. दुसरा विषय असता तर ते चाललंही असतं. पण पेपर ‘आजच्या घरांना पर्याय’ म्हणत होता, आणि पर्याय म्हटलं की कक्षा आपोआप वाढते. शिवाय ज्या मातीच्या जाडीचं पेपर कौतुक करत होता तीच जाडी भूकंपात वजन होते. हिशेब सोपा आहे. तीन मीटर बाय तीन मीटरच्या जागेवर 45 सेंटीमीटर माती म्हणजे सुमारे साडेसहा टन. तेवढ्याच जागेवरचा 12 सेंटीमीटरचा काँक्रीटचा स्लॅब भरतो 2.7 टन. जमीन हलते तेव्हा आडवं बल वजनाच्या प्रमाणात वाढतं. हा हिशेब पेपरमध्ये दोन ओळींत मावतो आणि तो नसल्यामुळेच रिव्ह्यूअर चिडला होता.

आता रिव्ह्यूअरचं एक म्हणणं लेखकांना मान्य नव्हतं. ‘या छतांनीच माणसं मारली’ हे अपुरं आहे. मराठवाड्यातल्या अनेक माळवदांत छताचा भार भिंतीवर नसतो, तो आतल्या खांब-तुळयांवर असतो आणि भिंत फक्त आडोसा असते. किल्लारीनंतर काही ठिकाणी भिंती कोसळलेल्या आणि लाकडी सांगाडा उभा असं दिसलं होतं. भिंती पडण्याची कारणं वेगळी होती. बाहेरचा आणि आतला असे दगडाचे दोन पदर, मध्ये चिपऱ्या आणि माती, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की पदर सुटे होतात, फुगतात आणि ढासळतात. सांगाड्यालाही कोपऱ्यात तिरपे आधार नव्हते, तेव्हा तो सुरक्षित होता असंही म्हणता येत नाही.

मतभेद मांडताना लेखकांनी एक क्रम पाळला. आधी रिव्ह्यूअरचं जे बरोबर आहे ते निःसंकोच मान्य केलं, मग नेमकं कुठे वेगळं वाटतं ते सांगितलं, आणि त्याचा पुरावा पत्रात न ठेवता पेपरमध्ये घातला. पत्र फक्त संपादक आणि दोन रिव्ह्यूअर वाचणार. जो युक्तिवाद त्यांना पटवायला लागला तो वाचकालाही लागणारच.

‘1993 च्या भूकंपाचा उल्लेख नसणं ही गंभीर उणीव होती, ती दाखवल्याबद्दल ऋणी आहोत. ‘पर्याय’ हा शब्द आणि निष्कर्षातला शिफारशीचा परिच्छेद पूर्णपणे काढला आहे. छताच्या वजनाचा हिशेब आणि त्याचा भूकंपातला परिणाम नव्या उपविभागात दिला आहे (ओळ 262 ते 291). एका बाबतीत आम्ही नम्रपणे थोडं वेगळं मत नोंदवतो. पाहिलेल्या चौदा घरांपैकी नऊ घरांत छताचा भार लाकडी खांबांवर आहे, पाच घरांत तो थेट भिंतीवर आहे. हे दोन प्रकार हादऱ्यात सारखे वागतील असं मानता येत नाही, म्हणून ते तक्ता 3 मध्ये वेगळे दाखवले आहेत. यातला कोणताही प्रकार सुरक्षित असल्याचा आमचा दावा नाही. भिंतींच्या दुबळेपणाची कारणं सांगताना भारतीय मानक आयएस 13828 मधल्या आरपार दगडांच्या अंतराशी, म्हणजे उंचीत दर 60 सेंटीमीटरला आणि आडव्यात जास्तीत जास्त 1.2 मीटरवर, प्रत्यक्ष भिंतींची तुलना केली आहे. पडझड झालेल्या ज्या तीन भिंतींचा छेद पाहता आला, त्यांपैकी एकीतही असे दगड आढळले नाहीत.’

या उत्तरात ‘धक्कादायक’ आणि ‘बेजबाबदारपणा’ या शब्दांचा उल्लेखसुद्धा नाही. बोचरा शब्द उत्तरात उद्धृत केला की वाचणाऱ्याला ती तक्रार वाटते. मुद्दा तक्त्यात उतरवताना मूळ शब्द ठेवायचे आणि उत्तर फक्त आशयाला द्यायचं.

तिसरा मुद्दा पांढऱ्या मातीचा, र२-६. परदेशी वाटणारा हा रिव्ह्यूअर विचारत होता: ‘पांढरी माती म्हणजे नक्की काय? चुना, चिकणमाती की राख?’ आपल्याकडे हा शब्द इतका रोजचा आहे की त्याची व्याख्या करायची असते हेच लेखक विसरले होते. गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात आणि बरीचशी माती तिथूनच खणून आणतात. ती मऊ, चुनखडीचा अंश असलेली, काळ्या मातीसारखी न फुगणारी. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि भेग पडली की छत गळतं. पांढरी तशी करत नाही, म्हणून ती वर जाते.

मृदाशास्त्राची अध्यापिका सोबत असल्याने उत्तर पंधरा दिवसांत तयार झालं. चार घरांच्या छतांवरून आणि टेकाडावरून नमुने घेतले, चाळणी आणि हायड्रोमीटरने वाळू, गाळ आणि चिकण यांची विभागणी केली, सौम्य आम्लाचे थेंब टाकून फसफस पाहिली आणि फुगवटा मोजला. शेजारच्या शेतातल्या काळ्या मातीचा नमुनाही याच चाचण्यांतून काढला. फुगवट्याची तुलना शेजारी असल्याशिवाय ‘फुगत नाही’ या शब्दांना अर्थ नाही, हे तिचं म्हणणं बरोबर होतं.

चाचणी करताना आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि ती र२-४ ला जोडली गेली. एका छताचा छेद घेतला तेव्हा 45 सेंटीमीटरात रंगाने किंचित वेगळे अनेक पातळ थर दिसले. पावसाळ्याआधी दरवर्षी वरून नवी माती पसरून दाबतात. जुनी काढत नाहीत. म्हणजे छत बांधलं तेव्हाची जाडी आणि आजची जाडी एक नाही, आणि तुळई निवडली होती ती हलक्या छतासाठी. ‘पारंपरिक छताची जाडी 45 सेंटीमीटर’ असं एक आकडा देणारं मूळ वाक्य त्यामुळे गेलं. त्या जागी घराचं अंदाजे वय आणि मोजलेली जाडी यांचा तक्ता आला.

राहिले अवघडलेले दोन मुद्दे. पहिला रिव्ह्यूअर म्हणत होता बांधणीचं वर्णन निम्मं करा, दुसरा म्हणत होता जोडांचे तपशील वाढवा. अशा वेळी मधला मार्ग काढून दोघांनाही अर्धंमुर्धं देऊ नये. लेखकांनी मुख्य मजकुरातलं वर्णन 900 शब्दांवरून 550 वर आणलं, खांब-तुळईच्या जोडांची चार रेखाटनं पुरवणीत टाकली, आणि संपादकांना लिहिलेल्या वेगळ्या पत्रात ही विसंगती एका वाक्यात सांगून निर्णय त्यांच्यावर सोडला. दोन्ही रिव्ह्यूअरांना मात्र एकमेकांच्या मागणीचा हवाला दिला, पण ‘दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या म्हणण्यामुळे नाइलाज झाला’ अशा सुरात नाही.

दुसरा: र१-७ मध्ये चार पेपर उद्धृत करायला सुचवलं होतं, चारही एकाच लेखकगटाचे. कुणाचे असतील याचा तर्क पत्रात करू नये. चारही वाचले. त्यांतला एक मातीच्या छतांच्या कालविलंबावरचा, खरोखर उपयोगी, तो घेतला. बाकीचे तीन काचेच्या दर्शनी भागांवरचे होते. ‘उरलेले तीन पेपर आम्ही वाचले. त्यांचा विषय काचेच्या इमारतींचा असल्याने या मजकुरात त्यांना योग्य जागा सापडली नाही.’ एवढंच. यावर रिव्ह्यूअर पुन्हा काही बोलला नाही.

मग बांधाबांध. जर्नल दुहेरी गुप्त परीक्षणाचं होतं, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळत नाहीत. त्यामुळे उत्तरपत्राखाली सही नाही, संस्थेचं नाव नाही, ‘आमच्या 2019 च्या पेपरमध्ये’ असे शब्द नाहीत. तरी नाव फुटतं ते बहुतेकदा बदल दाखवणाऱ्या प्रतीतून, कारण प्रत्येक दुरुस्तीशेजारी वर्ड त्यात नोंदलेलं वापरणाऱ्याचं नाव लिहितो. `File > Info > Check for Issues > Inspect Document` मधून ते काढता येतं, पण आधी फाइलची नक्कल करून ठेवावी. ओळींचे क्रमांक सगळ्यात शेवटी घालावेत, तेही बदल स्वीकारलेल्या स्वच्छ प्रतीवरून. बदल दाखवणाऱ्या प्रतीत खोडलेल्या ओळीही मोजल्या जातात, म्हणून दोन्हींचे क्रमांक जुळत नाहीत. कोणत्या प्रतीचे क्रमांक आहेत हे पत्राच्या पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.

नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं: किरकोळ सुधारणा. पहिल्या रिव्ह्यूअरचं काहीच म्हणणं नव्हतं. दुसऱ्याने एकच प्रश्न विचारला: घनता 1600 कुठून आणली? खरं तर ती पाठ्यपुस्तकी किंमत होती. पाऊस संपून छतं वाळली होती, तेव्हा तीन घरांवर 10 सेंटीमीटर व्यासाचा आणि 13 सेंटीमीटर उंचीचा पोलादी कटर ठोकून नमुने काढले, भट्टीत वाळवून तोलले, आणि खड्डे त्याच मातीने थोडंथोडं भिजवून, धुमसाने दाबून बुजवले. किमती आल्या 1520 ते 1680. पेपरमधले ‘सुमारे साडेसहा टन’ गेले आणि ‘6.2 ते 6.8 टन’ आले. सोबत एक वाक्य जोडलं: पावसात भिजलेल्या मातीचं वाढीव वजन यात धरलेलं नाही.